अनुभव धागा: छोट्या धंद्याच्या शिकवणीच्या यूट्यूब शॉर्टला टायटल आणि डिस्क्रिप्शन तुम्ही काय लिहिता?

नेरूळची_सुगरण (धागाकर्ती)
मी घरून मोदक, पुरणपोळी, दिवाळीचा फराळ करते. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी एक शॉर्ट टाकला, ५० सेकंदांचा, उकडीच्या मोदकाला चिरा पडू नयेत म्हणून काय करायचं ते दाखवलं होतं. टायटल दिलं "सुगरण किचन, भाग ४, मोदक स्पेशल, नक्की बघा". डिस्क्रिप्शनमध्ये ऑर्डरची व्हॉट्सॅप लिंक आणि वीस-पंचवीस हॅशटॅग. ऑर्डर एकही नाही! मग नणंदेच्या मुलीने ते वाचून विचारलं, "मामी, भाग ४ म्हणून कोण शोधतं गं?" तेव्हा ट्यूब पेटली. तुमचेही अनुभव लिहा, फसलेले आधी.

ऐरोलीकर
ताई, मी दुचाकी दुरुस्तीचे व्हिडिओ टाकतो, आमच्याकडे हॅशटॅगच चालतात. जितके जास्त तितकी पोच जास्त. मी चाळीस टाकतो.

घोडबंदर_दादा
ऐरोलीकर, अर्धं बरोबर आहे तुमचं. हॅशटॅगवर टिचकी मारून लोक येतात खरे, पण साठच्या वर गेलात तर यूट्यूब सगळेच दुर्लक्षित करतं, आणि टायटलजवळ दिसतात ते डिस्क्रिप्शनमधले जास्तीत जास्त तीन. मग ते तीन तरी नेमके द्या ना, चाळीस कशाला.

आता ताईंचं. शॉर्ट्सच्या फीडमध्ये टायटल वाचून कोणी व्हिडिओ उघडत नाही, अंगठा सरकवला की तो आपोआप सुरू होतो, तिथे पहिल्या दोन-तीन सेकंदांचं चित्रच काम करतं. टायटल कामाला येतं ते सर्चमध्ये आणि तुमच्या चॅनलच्या पानावर. म्हणून ज्याला अडचण आलीय तो फोनवर काय टाइप करेल तेच टायटल. मर्यादा १०० अक्षरांची आहे पण मोबाईलवर सगळं दिसत नाही, शेपूट कापलं जातं, त्यामुळे अडचण पुढे आणि दुकानाचं नाव मागे. देवनागरीत काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात, १०० वाटतात तेवढे नसतात.

मी असतो तर हे लिहिलं असतं:

```
उकडीचे मोदक फाटतात? उकड अशी मळा
```

आणि डिस्क्रिप्शन:

```
मोदक वळताना चिरा पडतात कारण उकड कोरडी
राहते. गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळा.
ukdiche modak fatatat, modak crack
नेरूळ, नवी मुंबई. ऑर्डर: सुगरण किचन
#मोदक #उकडीचेमोदक #नवीमुंबई
```

रोमन ओळ मुद्दाम आहे, आपली माणसं मराठी असली तरी टाइप इंग्रजी अक्षरात करतात. पण तेच शब्द दहा वेळा कोंबू नका, ते फसवेगिरीत मोडतं.

कळवा_माई
मला एक सांगा, मोदकाच्या पिठात मैदा घालतात का हो थोडा? माझे तर उकडतानाच बसतात.

नेरूळची_सुगरण
माई, मैदा नको, पण तो वेगळा धागा होईल 😄 दादा, व्हॉट्सॅपची लिंक का नाही चालली?

घोडबंदर_दादा
शॉर्टच्या डिस्क्रिप्शनमधली लिंक दाबता येत नाही, २०२३ च्या ऑगस्टअखेरपासून बंद केलीय, शॉर्टखालच्या कमेंटमध्येही तेच. लिंक दिसते पण दाबली तर काही होत नाही, आणि आपण समजतो लोकांना रस नाही. त्यापेक्षा चॅनलच्या प्रोफाइलमध्ये लिंक ठेवा. नाहीतर पूर्ण रेसिपीचा मोठा व्हिडिओ असेल तर शॉर्टच्या सेटिंगमध्ये तो "Related video" म्हणून जोडा, त्याची दाबता येणारी पट्टी शॉर्टवरच येते. मोठ्या व्हिडिओच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिंक चालते, मात्र पहिल्या दोन ओळींत द्या, बाकीचं "more" मागे जातं.

वाशी_ब्लाऊजवाली
माझा उलटा अनुभव. मी "ब्लाऊजची बाही मुंढ्यात ओढते का?" असं प्रश्नाचं टायटल दिलं, लोक आले, पण सगळ्या शिवणाऱ्याच, शिवून घेणाऱ्या कोणी नाही! आता "वाशीत ब्लाऊज शिवून मिळेल" असं ठेवू का?

घोडबंदर_दादा
तसं ठेवून शिकवणीच दाखवली तर येणारा फसल्यासारखा निघून जाईल. गिऱ्हाइकासाठी वेगळा शॉर्ट करा ना, "तयार ब्लाऊज घेताना मुंढा कसा तपासावा" वगैरे.

वाशी_ब्लाऊजवाली
हो पण मग शिवणाऱ्या येणं बंद होतील, क्लासला तर त्याच हव्यात मला. बघते.

नेरूळची_सुगरण
मी टायटल मागच्या श्रावणातच बदललं बरं का, दादांच्यासारखंच काहीसं. Studio मध्ये Analytics मध्ये "YouTube search" उघडलं तर लोक काय टाइप करून आले ते दिसतं, तिथे आधी सगळं रिकामं होतं, मग "modak fatatat" दिसायला लागलं. पण गणपती चार दिवसांवर आलेले, तेव्हा सगळेच मोदक शोधत असतात, मग टायटलमुळे झालं की बाप्पामुळे ते अजून कळलेलं नाही मला. यंदा जुलैमध्येच टाकणार आहे.

ऐरोलीकर
दादा, मग माझं "चेन सैल झालीये का? अशी तपासा" बरं का? हॅशटॅग कमी करतो... दहा चालतील?