माध्यमीकरण: पक्ष कॅमेऱ्यापुढे झुकले, की माध्यमेच राजकारणाच्या दावणीला बांधली गेली?

एम.ए. राज्यशास्त्र, दारव्हा
सिद्धांताच्या पेपरसाठी माध्यम-अभ्यासक स्ट्रॉमबॅक यांनी २००८ मध्ये मांडलेले माध्यमीकरणाचे चार टप्पे वाचले: माध्यमे माहितीचा मुख्य स्रोत होतात, मग राजकारणापासून स्वतंत्र होतात, मग राजकारण त्यांच्याशी जुळवून घेते आणि शेवटी त्यांचाच तर्क आपला मानून चालते. पक्ष माध्यमतर्काशी, म्हणजे बातमी कशाची आणि कशी होते या माध्यमांच्या हिशेबाशी, जुळवून घेतात, हे आपल्या भागात कशावरून ओळखायचे? प्रचार तर नेहमी असाच होत आला आहे ना?

निवृत्त प्राध्यापक, यवतमाळ
बातमी आली किंवा सभेचे प्रक्षेपण झाले, एवढ्याने माध्यमीकरण सिद्ध होत नाही. बातमी कशी होईल याचा विचार करून पक्षाने आपली कृतीच बदलली, तरच तो शब्द वापरावा.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदी यांनी आर्णी तालुक्यातील दाभडी या गावी ‘चाय पे चर्चा’ घेतली. विदर्भातील मतदान १० एप्रिलला होते. मतेच गोळा करायची असती, तर जिल्ह्याच्या ठिकाणी मोठे मैदान घेऊन गावोगावची माणसे गाड्या भरून आणणे हा रुळलेला मार्ग होता. त्याऐवजी एक लहान गाव निवडले गेले, कारण शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांमुळे यवतमाळ हे नाव देशभराच्या वाचकांना आधीच ठाऊक झाले होते. म्हणजे मंच दाभडीचा होता, पण प्रेक्षक दूरचित्रसंवादाने जोडलेल्या इतर ठिकाणी आणि वाहिन्यांपुढे बसलेला होता. बोलणेही त्याच मापाचे होते. कापसाच्या भावाचा प्रश्न हमीभाव, आयात-निर्यात आणि खरेदी केंद्रे यांत गुंतलेला असतो आणि तो सोडवायला वर्षे लागतात. तिथे मात्र फार्म, फायबर, फॅब्रिक, फॅशन, फॉरेन असे शेतापासून परदेशापर्यंतचे ‘फाइव्ह एफ’ हे एका दमात सांगता येणारे सूत्र मांडले गेले. जागा, वेळ, भाषा आणि प्रश्नाचा आकार या चारही गोष्टी माध्यमाच्या गरजेने ठरल्या, हा माझा मुद्दा आहे. एकाच पक्षाची ही रीत नव्हे. ३० एप्रिल २०१५ रोजी राहुल गांधी यांनी अमरावती जिल्ह्यात गुंजीपासून काढलेली पदयात्राही याच कसोटीवर तपासावी.

वऱ्हाडी वाचक
सर, क्षमा असावी, पण हे मला नवे वाटत नाही. जांबुवंतराव धोटे यांनी विधानसभेत पेपरवेट भिरकावला, तेव्हा सभागृहात कोणता कॅमेरा होता? नाट्य हा राजकारणाचा स्वभावच आहे. वाहिन्यांनी त्याला फक्त मोठा पडदा दिला.

निवृत्त प्राध्यापक, यवतमाळ
नाट्य जुने आहे, हे मान्य. परंतु धोटे यांची ती कृती सभागृहाच्या आत, अध्यक्षांना उद्देशून होती. आज नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आमदार कामकाज सुरू होण्याआधी विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक घेऊन, कधी संत्र्यांच्या माळा घालून उभे राहतात, कारण कॅमेरे पायऱ्यांसमोर असतात. तोच आमदार आत गेल्यावर त्या विषयावर तारांकित प्रश्न, लक्षवेधी असे काही मांडतो का, हे कामकाजात शोधा. मांडत असेल, तर पायऱ्या ही केवळ जोड आहे. मांडत नसेल, तर सभागृहाची जागा पायऱ्यांनी घेतली आहे.

बूथप्रमुख, आर्णी तालुका
आमच्याकडे पायऱ्या नाहीत, पण त्रास तोच आहे. घरोघर फिरून मतदारयादी तपासली, तर वरून कोणी विचारत नाही. बैठकीचा फोटो पक्षाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला नाही, तर बैठक झालीच नाही असे धरतात. मागच्या वेळी पाच माणसे बॅनरमागे दाटीने उभी करून फोटो काढला आणि तो चालला. आता कोणत्या पक्षाने हे आधी सुरू केले, तेही सांगावे.

तालुका बातमीदार, वाशीम जिल्हा
पक्ष कोणता, हा इथला विषय नाही, दादा. पण तुमचा फोटो सरांच्या उदाहरणापेक्षा बोलका आहे. वाहिनी येणारच नाही हे ठाऊक असूनही संघटना तिच्याच पद्धतीने काम मोजू लागली, हा चौथा टप्पा झाला.

माझा आक्षेप मात्र दुसऱ्या टप्प्याला आहे. माध्यमे राजकारणापासून बऱ्यापैकी स्वतंत्र झाली, हे त्यात गृहीत धरले आहे. तालुक्याच्या बातमीदाराला मानधन नाममात्र असते आणि खरी मिळकत जाहिरातींच्या कमिशनवर होते; त्या जाहिराती नेत्यांच्या वाढदिवसाच्या असतात. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात उमेदवारांकडून पैसे घेऊन छापलेल्या ‘पॅकेज’च्या बातम्या इतक्या गाजल्या की पेड न्यूजवरील प्रेस कौन्सिलच्या २०१० च्या अहवालातही तो विषय आला. इथे कोण कोणाच्या तर्काने चालले होते?

एम.ए. राज्यशास्त्र, दारव्हा
मग दुसरा टप्पा पूर्ण झाला नसताना चौथा कसा दाखवू?

निवृत्त प्राध्यापक, यवतमाळ
त्या टप्प्यांना एकामागून एक चढायच्या पायऱ्या न मानता चार वेगळ्या मोजपट्ट्या माना. तालुक्याच्या वर्तमानपत्राचे स्वातंत्र्य कमी असू शकते आणि त्याच वेळी दिल्लीच्या वाहिन्यांमुळे पक्षाची वागणूक बदललेली असू शकते. उत्तरात पातळी कोणती, ते आधी लिहा.

तालुका बातमीदार, वाशीम जिल्हा
हे परीक्षेपुरते ठीक आहे, सर, पण मला पटत नाही. बूथप्रमुखांचा फोटो कोणत्याही संपादकाकडे जात नाही, तो पक्षाच्याच गटावर राहतो. निवड करणारा बातमीदारच मध्ये नसेल, तर त्याला वृत्तमाध्यमाचा तर्क म्हणायचे कशाच्या आधारावर?