सिक्युरिटी सुपरवायझरच्या रेझ्युमेत टीम, इन्सिडंट, साइट आणि सर्टिफिकेट कसं लिहायचं?

निळी_शिट्टी:
नमस्कार मंडळी. गार्ड म्हणून सुरुवात केली, मग हेड गार्ड आणि आता गेली काही वर्षं सुपरवायझर आहे. एका मोठ्या एजन्सीत सुपरवायझरची जागा निघालीय, त्यांनी रेझ्युमे मागितलाय आणि त्यात टीमचा साइज, इन्सिडंट हाताळल्याचा अनुभव, कोणत्या कोणत्या साइट केल्या आणि ट्रेनिंगची सर्टिफिकेटं हे सगळं पाहिजे म्हणतात. मी लिहिलंय ते असं:

"२६ गार्डच्या टीमचे नेतृत्व. आगीची घटना यशस्वीपणे हाताळली. हॉस्पिटल, वेअरहाउस, हाउसिंग कॉम्प्लेक्स येथे अनुभव. फायर, फर्स्ट एड, सीसीटीव्ही ट्रेनिंग पूर्ण."

वाचून मलाच पोकळ वाटतंय पण नेमकं काय कमी आहे ते कळत नाहीये. कोणी रेझ्युमे बघणारे असतील तर प्लीज सांगा.

गेटपास_गुरू:
भावा नेतृत्व बितृत्व ठीक आहे पण आकडा मोठा टाक. हेड गार्ड असताना ज्या साइटवर होतास तिथले पण धर, सगळे मिळून ६०-७० होतील. आणि आगीचं लिहूच नको, वाचणाऱ्याला वाटेल तुझ्या साइटवर आग लागते म्हणजे तुझं लक्ष नव्हतं. सर्टिफिकेट मात्र जेवढी असतील तेवढी सगळी टाक, अगदी अर्ध्या दिवसाच्या ट्रेनिंगचं पण.

रोस्टरवाले_काका:
मी बरीच वर्षं फील्ड ऑफिसर होतो आणि नंतर सुपरवायझरच्या मुलाखती घ्यायचो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गेटपास_गुरू, आकडे मिळवून सांगू नका हो. मुलाखतीत पहिला प्रश्न येतो तो "पोस्ट किती होत्या?" आणि तिथेच फुगवलेला आकडा पडतो. २४ तासांची एक पोस्ट आठ तासांच्या पाळीत चालवायची तर आठवड्याला २१ पाळ्या भरायच्या असतात, एक गार्ड सहा पाळ्या करतो, म्हणजे एका पोस्टला साडेतीन माणसं लागतात आणि ती पण कोणी रजेवर गेलं नाही तर. तेव्हा गार्ड आणि पोस्ट यांचा मेळ बसतो की नाही हे बघणाऱ्याला मिनिटभरात कळतं.

निळी_शिट्टी, तुझे २६ खरे असतील पण त्यातून मला काही कळत नाही. २६ एका वेळी हाताखाली की सगळ्या पाळ्या मिळून? तुझ्या साइटच्या पोस्ट सांग बरं.

निळी_शिट्टी:
वेअरहाउस आहे काका. मेन गेटला दोन (एक इन, एक आउट), लोडिंग डॉकला दोन, मागच्या भिंतीला एक, कंट्रोल रूममध्ये एक, पेट्रोलिंगला एक. हे सात २४ तास. आणि रिसेप्शनला एक, तो फक्त दिवसा. तीन पाळ्यांना तीन सुपरवायझर आहोत, पण महिन्याचं रोस्टर आणि हजेरी सगळ्यांची मीच बघतो.

रोस्टरवाले_काका:
बघ, सात पोस्ट गुणिले तीन म्हणजे २१, रिसेप्शनचा एक धरून २२. बावीस जणांच्या सुट्ट्या भरायला सहा माणसांमागे एक रिलिव्हर, म्हणजे चार. झाले २६. तुझा आकडा चोख बसतोय, तर तसाच उलगडून लिही:

"वेअरहाउस, ७ पोस्ट २४ तास आणि १ पोस्ट दिवसपाळी. एकूण २६ गार्ड, त्यात ४ रिलिव्हर. माझ्या पाळीत प्रत्यक्ष ७ ते ८ गार्ड. तिन्ही पाळ्यांचे मासिक रोस्टर आणि हजेरी माझ्याकडे."

याने दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे पाळीत तू सात-आठ जणांना सांभाळतोस, आणि दुसरी म्हणजे २६ जणांचं नियोजन तुला येतं. ही दोन कामं वेगळी आहेत आणि रोस्टर येणारा सुपरवायझर मिळणं जास्त अवघड असतं, कारण रात्री दहाला एक गार्ड आला नाही तर कुठली पोस्ट मोकळी ठेवून चालेल आणि कुठली नाही हे त्यालाच ठरवायचं असतं. डबल ड्युटी कमी केली असशील तर ते पण लिही, पण आकडा रजिस्टरमध्ये दाखवता येत असेल तरच.

शिफ्ट_बी:
काका माझं पण सांगा ना. मी हेड गार्ड आहे, सुपरवायझर नाही, पण आमचे सुपरवायझर रजेवर गेले की पूर्ण साइट मीच चालवतो. मी रेझ्युमेत सुपरवायझर लिहिलं तर चालेल का?

रोस्टरवाले_काका:
पद म्हणून नको लिहू रे. अपॉइंटमेंट लेटरवर हेड गार्ड असेल आणि जुन्या एजन्सीत फोन केला की तेच सांगतील. पद हेड गार्डच लिही आणि खाली एक ओळ दे, "सुपरवायझरच्या रजेत साइटचा चार्ज, ब्रीफिंग, हजेरी आणि डेली रिपोर्ट". ज्याला माणूस वर घ्यायचाय तो बरोबर ती ओळ शोधतो.

डॉक_ताई:
आगीबद्दल बोलायचंय. गुरूंचं अर्धं बरोबर आहे. आपल्या गार्डच्या ढिलाईने झालेली चोरी कोणी मिरवू नये. पण आग सगळ्याच साइटवर लागू शकते, आणि लागल्यावर सुपरवायझरने काय केलं हेच तर बघायचं असतं. निळी_शिट्टी, "यशस्वीपणे हाताळली" हे काढा आणि नेमकं काय झालं ते सांगा.

निळी_शिट्टी:
ताई, रात्रपाळी होती. डॉकजवळच्या इलेक्ट्रिक पॅनलमधून धूर यायला लागला, कंट्रोल रूमच्या गार्डने कॅमेऱ्यात बघून वॉकीटॉकीवर सांगितलं. एक गार्ड पाण्याची बादली घेऊन निघाला होता त्याला थांबवलं, इलेक्ट्रिशियनला सांगून मेन सप्लाय बंद करवला, मग सीओटू सिलिंडर मारला. तोवर लोडिंगची माणसं असेंब्ली पॉइंटला नेली आणि गेट रजिस्टरवरून मोजली, ३१ होती, सगळी मिळाली. फायर ब्रिगेडला आधीच फोन केलेला, त्यांची गाडी आत यावी म्हणून गेटसमोरचे दोन ट्रक हलवायला लावले. कोणाला इजा नाही. पाळी संपायच्या आत रिपोर्ट दिला आणि फुटेज वेगळं काढून ठेवायला सांगितलं.

डॉक_ताई:
अहो एवढं सगळं केलंत आणि रेझ्युमेत चारच शब्द! असं लिहा:

"रात्रपाळीत इलेक्ट्रिक पॅनलला आग: सप्लाय बंद करवून सीओटूने विझवली, ३१ जणांना बाहेर काढून रजिस्टरवरून मोजणी, फायर ब्रिगेडसाठी गेट मोकळं, त्याच पाळीत लेखी रिपोर्ट, फुटेज जतन. इजा नाही."

पाणी थांबवून सीओटू वापरला यातून तुमचं फायर ट्रेनिंग खरं आहे हे आपोआप कळतं. आणि फुटेजचं राहू द्याच, कारण रेकॉर्डर भरला की जुन्या रेकॉर्डिंगवर नवीन चढतं, आणि चौकशी सुरू होईपर्यंत हातात काही उरत नाही, हे फार जणांच्या उशिरा लक्षात येतं.

आणखी एक, इन्सिडंट म्हणजे फक्त झालेलं नुकसान नाही. तुम्ही टाळलेलं काही आहे का?

निळी_शिट्टी:
आहे ताई. एका कंटेनरचा सील नंबर चलनावरच्या नंबराशी जुळत नव्हता, आउट गेटच्या गार्डने मला बोलावलं, मी गाडी बाजूला लावून डिस्पॅचला कळवलं आणि त्यांचं लेखी येईपर्यंत सोडली नाही. ड्रायव्हर खूप भांडला. शेवटी दुसऱ्याच गाडीचा सील लागलेला निघाला.

डॉक_ताई:
मग हे आगीच्या खाली दुसरं लिहा. वेअरहाउसवाल्यांना हे आगीपेक्षा पण जवळचं वाटेल. दोनच इन्सिडंट द्या, दहा नको. ड्रायव्हरचं नाव, गाडी नंबर, मालाची किंमत यातलं काहीही नको.

रोस्टरवाले_काका:
साइटचं पण तसंच. "हॉस्पिटल, वेअरहाउस, हाउसिंग" अशी यादी देऊन उपयोग नाही, प्रत्येक ठिकाणी काम वेगळं असतं. वेअरहाउसला गेटपास, सील आणि चलन. हॉस्पिटलला भेटीच्या वेळा सांभाळायच्या, कॅज्युअल्टीबाहेर चिडलेल्या नातेवाइकांना हात न लावता शांत करायचं, ॲम्ब्युलन्सचा रस्ता मोकळा ठेवायचा. हाउसिंगला व्हिजिटर एंट्री, डिलिव्हरीवाले आणि रहिवाशांच्या तक्रारी. प्रत्येक साइटपुढे तिथलं एक-दोन ओळीत लिही, आणि ज्या साइटसाठी अर्ज करतोयस ती सगळ्यात वर घे.

आता एक नाजूक गोष्ट. क्लायंटचं नाव आणि शेजारी "मागच्या भिंतीला एक गार्ड" असं कागदावर आणू नकोस. रेझ्युमे दहा जणांच्या मोबाइलवर फिरतो, त्यावरून साइटची मांडणी कळता कामा नये. वर मी दिलेल्या ओळीत म्हणूनच पोस्टची संख्या आहे, जागा नाहीत.

गेटपास_गुरू:
काका पण क्लायंटचं नावच नसेल तर खरंखोटं कसं करणार? आमच्याकडे तर नाव नसलेला रेझ्युमे बाजूलाच ठेवतात.

रोस्टरवाले_काका:
एजन्सीचं नाव आणि तारखा द्याव्यात, क्लायंटचं तोंडी सांगावं, असं माझं मत.

डॉक_ताई:
मी नाव देते पण पोस्टचा आकडा मुलाखतीसाठी ठेवते. दोन्ही एकत्र नको एवढं मात्र पक्कं.

निळी_शिट्टी:
आणि सर्टिफिकेट? माझं फर्स्ट एडचं संपलंय.

रोस्टरवाले_काका:
सर्टिफिकेटचं नाव, देणारी संस्था, तारीख आणि कधीपर्यंत वैध, या चार गोष्टी प्रत्येकापुढे हव्यात. फर्स्ट एड आणि सीपीआरची बहुतेक सर्टिफिकेटं दोन-तीन वर्षांत संपतात, संपलेलं असेल तर "वैधता संपली, नूतनीकरणासाठी नाव नोंदवलं" असं लिही, पण खरंच नोंदवलं असशील तरच. साइटवर झालेली मॉक ड्रिल किंवा अर्ध्या दिवसाचं ब्रीफिंग सर्टिफिकेटात घालू नको, त्याचं वेगळं "साइट ट्रेनिंग" कर. आणि तू स्वतः गार्डना ट्रेनिंग दिलं असशील तर ते तिथेच ठळक लिही, सुपरवायझरसाठी ते जास्त वजनाचं आहे. लायसन्सचे किंवा ओळखपत्रांचे नंबर नको, मागतील तेव्हा दाखव.

शिफ्ट_बी:
फोटो आणि उंची टाकायची का? आमच्याकडे गार्डच्या फॉर्ममध्ये असतं.

गेटपास_गुरू:
टाकायचीच, पर्सनॅलिटी बघतात.

डॉक_ताई:
सुपरवायझरला मी तरी कधी टाकलं नाही, कोणी विचारलं पण नाही. जाहिरातीत मागितलं असेल तर द्या.

निळी_शिट्टी:
सगळ्यांचे आभार, हा नवीन मसुदा, सध्या एवढाच:

"सुपरवायझर, वेअरहाउस. ७ पोस्ट २४ तास, १ दिवसपाळी, एकूण २६ गार्ड (४ रिलिव्हर), पाळीत प्रत्यक्ष ७-८. तिन्ही पाळ्यांचे रोस्टर व हजेरी. पॅनल आग: सप्लाय बंद, सीओटू, ३१ जणांची मोजणी, इजा नाही. सील तफावत पकडून कंटेनर रोखला, लेखी खुलाशानंतरच सोडला.
हेड गार्ड, हॉस्पिटल. कॅज्युअल्टी गेट, व्हिजिटर पास, ॲम्ब्युलन्स मार्ग.
गार्ड, हाउसिंग कॉम्प्लेक्स. व्हिजिटर आणि डिलिव्हरी एंट्री."

क्लायंटचं नाव काढलंय, पोस्टचा आकडा ठेवलाय. फर्स्ट एडला उद्या नाव नोंदवतो.

रोस्टरवाले_काका:
आता कसं भरीव वाटतंय. तारखा टाक, महिन्यासकट. आणि सील गार्डने पकडला होता ना? मग "आउट गेटच्या गार्डने दाखवलेली सील तफावत" असं कर. तो गार्ड तुझ्या ब्रीफिंगमुळे सील बघत होता का ते मुलाखतीत विचारतील, तयार राहा.

निळी_शिट्टी:
हो काका, रोज पाळीच्या सुरुवातीला सील आणि चलन कसं जुळवायचं ते मीच सांगायचो. ओळ बदलतो.