मदत हवी आहे: चार वर्षांच्या मुलीच्या खोलीत रात्री कोणत्या रंगाचा दिवा लावावा?

ओवीची_आई
आम्ही जुळे सोलापूरला राहतो. मुलगी चार वर्षांची. तिची खोली साधारण दहा बाय अकरा, बाहेर लांबट पॅसेज आणि त्याच्या टोकाला बाथरूम. बाथरूमच्या दारात एक पायरी आहे. रात्री एकदा तरी तिला शू लागते आणि अंधाराची भीती वाटते, म्हणून तिच्या दारावर, पलंगाच्या अगदी समोर, निळा झिरो बल्ब होता. दिवाळीत तो गेला. नवी पेठेतून तसाच निळा आणला, पण आता एलईडीचाच मिळाला, अर्ध्या वॅटचा.

तेव्हापासून सव्वानऊला झोपणारी पोर साडेदहापर्यंत टक्क जागी. रात्री उठली की परत झोपायला तासभर. बल्ब आणि झोप यांचा संबंध आहे की माझा भ्रम? आणि असलाच तर रंग कोणता घ्यावा? दुकानदार म्हणाले, पांढरा सोडून काहीही चालतं.

सोरेगावचे_आजोबा
निळा काढू नका. निळा रंग डोळ्यांना थंड. आमच्या घरी चाळीस वर्षं निळाच झिरो आहे, तीन मुलं त्याच उजेडात वाढली, एकालाही झोपेची तक्रार नव्हती. पोरगी दुपारी किती झोपते ते आधी बघा.

पार्क_चौक_०९
ताई, निळ्या दिव्याने डास मरतात हा गैरसमज आहे. त्या जाळीच्या दिव्यात डासांपेक्षा बाकीचे किडेच जास्त अडकतात. मच्छरदाणी लावा.

ओवीची_आई
दादा, डासांचा प्रश्न नाहीये, झोपेचा आहे. आजोबा, दुपारची झोप नोव्हेंबरपासून पाऊण तासावर आणली आहे, तरी फरक नाही.

स्वप्ना_होटगी_रोड
निळा वाईटच, हे मी वाचलंय. वॉर्म व्हाइट घ्या, २७०० केल्विन लिहिलेला. त्यात निळा उजेड अजिबात नसतो. आमच्याकडे तोच आहे.

दिवेवाला
माझं काम प्रकाशयोजनेचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुमचा भ्रम नसावा. डोळ्याच्या पडद्यावर बघण्यासाठीच्या पेशींशिवाय आणखी काही पेशी असतात. दिवस आहे की रात्र, ही वर्दी मेंदूला देणं हे त्यांचं मोठं काम. ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे आकाशी निळा उजेड त्यांना सगळ्यात जास्त जाणवतो. तो मिळाला की झोपेचं मेलाटोनिन दबतं. लाल उजेडाची त्या फारशी दखल घेत नाहीत, नारिंगीची थोडीशीच.

आजोबांचं म्हणणं मात्र खोटं नाही. त्यांचा जुना झिरो म्हणजे तारेचा बल्ब, वरून निळा रंग दिलेला. (नावाला झिरो, प्रत्यक्षात बारा-पंधरा वॅट खाणारा.) तापलेल्या तारेच्या उजेडात निळा भाग मुळातच तुटपुंजा, त्यात रंग बराच उजेड अडवतो. तो दिसायला निळा, पण फार मंद. एलईडी निळा चिपमधूनच निळा निघतो, बहुतेक ४५० ते ४७० नॅनोमीटरचा. तो त्या पेशींना जाणवणाऱ्या पट्ट्याला अगदी खेटून आहे. दोन्ही बल्ब डोळ्याला सारखे वाटले तरी ती वस्तू बदलली.

शिवाय लहान मुलांची बाहुली मोठी आणि भिंग स्वच्छ. वय वाढतं तसं भिंग पिवळट होतं आणि निळा उजेड आतच अडतो. आजोबांना ज्या उजेडात शांत झोप लागते, त्याच उजेडात नातीला लागेलच असं नाही.

स्वप्नाताई, तुमचा बल्ब निळ्यापेक्षा नक्कीच बरा, पण त्यात निळं नसतं हे बरोबर नाही. एलईडीचा पांढरा उजेड निळ्या चिपवर पिवळा लेप देऊनच करतात. वॉर्ममध्ये लेप जाड, तरी थोडं निळं गळतंच. घरीच बघा. जुनी सीडी घ्या, अंधारात दिव्यासमोर तिरकी धरा आणि तिच्यावर पडणारे रंग बघा. वॉर्म व्हाइटमध्ये निळ्याचा पट्टा दिसेल. खऱ्या अंबर दिव्यात पिवळा-नारिंगी-लाल एवढंच दिसतं.

स्वप्ना_होटगी_रोड
आत्ता बघितलं. निळा पट्टा आहे, बारीक पण आहे. मग सरळ लालच का नको?

कुंभार_वेशीतली_सून
लाल लावताना जपून. माझ्या सासूबाईंना मोतीबिंदू आहे. भाच्याने हौसेने पॅसेजला लाल दिवा लावला आणि त्या उंबऱ्याला अडखळून पडल्या. मनगट मोडलं. लाल फरशीवर लाल उजेड, कड दिसलीच नाही. आणि आमचा धाकटा लाल उजेडात भुताटकी म्हणून रडायचा.

दिवेवाला
म्हणूनच मी पॅसेजला लाल सुचवत नाही. झोपेपुरतं बोलायचं तर लाल सर्वात निर्धोक, पण अगदी मंद लाल उजेडात डोळ्याला पायरी नीट दिसत नाही. तुमच्याकडे पायरी आहे, म्हणून मी अंबर घेईन.

पण रंगाआधी जागा. आत्ता दिवा पलंगासमोर आहे, म्हणजे मुलगी आडवी झाली की नजर थेट त्याच्यावर. तिच्या खोलीत दिवाच ठेवू नका. पॅसेजमध्ये बाथरूमच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीच्या सॉकेटमध्ये प्लगचा अंबर दिवा लावा आणि खोलीचं दार चार बोटं उघडं ठेवा. उजेड फरशीवर आणि पायरीवर पडेल, डोळ्यात नाही. सॉकेट तिच्या हाताच्या उंचीवर येतं, तेव्हा बाकीच्या भोकांना झाकणं लावा. सेन्सरवाला घेणार असाल तर आधी पेटवून बघा, त्यांत बहुतेक पांढरे असतात आणि मूल उठलं की भपकन पेटतात.

उजेड किती असावा? पलंगावर बसून पेपरचा मजकूर वाचता येत असेल तर तो जास्त झाला. पाच मिनिटांनी दाराची चौकट आणि पलंगाची कड कळली की पुरे.

आणखी एक, आणि मला हे दिव्याच्या रंगापेक्षा मोठं वाटतं. अमेरिकेत तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये छापून आला. झोपेच्या आधीच्या तासात ५ ते ४० लक्स इतक्या मंद पांढऱ्या उजेडातही त्यांचं मेलाटोनिन सरासरी ७८ टक्के घटलं. आपल्या हॉलची ट्यूबलाइट सहसा याहून जास्तच उजेड देते. नऊला झोपवायचं असेल तर आठपासून ट्यूब बंद, कोपऱ्यातला एक पिवळा दिवा चालू.

सोरेगावचे_आजोबा
तारेच्या बल्बाचं माहीत नव्हतं. आमचा जुना अजून चालू आहे, तो ताईंना द्यायला तयार आहे. एप्रिलात आम्ही सगळे गच्चीवरच झोपतो, तेव्हा कसला दिवा अन् काय.

ओवीची_आई
अकरा दिवसांनी लिहितेय. प्लगचा अंबर दिवा मिळायला तीन दुकानं फिरले. पहिल्या दोघांनी अंबर म्हणून दिला तो पांढऱ्या एलईडीवर पिवळं प्लास्टिक निघाला, सीडीवर निळं अंधुक दिसत होतं. तिसरा स्वच्छ. खोलीत आता काहीच नाही.

पहिल्या दोन रात्री ओवी "माझा निळा कुठाय" म्हणून रडली. तिसऱ्या रात्रीपासून मध्ये उठली तरी दहा-पंधरा मिनिटांत परत झोपते, हा फरक पक्का. सुरुवातीची झोप मात्र अजून पावणेदहाच्या आधी लागत नाही. आठला ट्यूब बंद करणं रोज जमत नाही, हे कामावरून साडेआठला येतात, मग जेवणं. जेवणाच्या टेबलावरचा दिवा बदलून काही होईल का?

दिवेवाला
होईल. टेबलावर खाली झुकलेली शेड आणि २७०० चा तीन वॅटचा बल्ब लावा, ओवीची पाठ त्याच्याकडे नको, पण बल्ब थेट डोळ्यात दिसायलाही नको. पंधरा दिवस नोंद ठेवा आणि दुपारची झोप किती झाली तेही शेजारी लिहा. तिथे आजोबांचा मुद्दा अजून खोडून निघालेला नाही.