शब्दचर्चा : ‘राक्षसगण’, चंद्ररास आणि जन्मनक्षत्र यांतून स्वभाव कसा वाचावा?

तेजूची मावशी, दारव्हा

नमस्कार. माझ्या भाचीसाठी दिग्रसकडचे एक स्थळ आले होते. पत्रिका पाहिल्यावर त्यांच्याकडून निरोप आला की मुलगी राक्षसगणाची आहे, त्यात वृश्चिकेची आहे, म्हणजे स्वभावाने कडक असणार, तेव्हा पुढे बोलणी नकोत. ही पत्रिका आम्ही अलीकडे तालुक्याच्या गावी संगणकावर काढून घेतली होती आणि तिच्यात रास वृश्चिक, नक्षत्र विशाखा, चरण ४ असे आहे. बारशाच्या वेळी गावच्या जोशीकाकांनी दिलेल्या कागदावर मात्र रास तूळ, नक्षत्र विशाखा, चरण ३ असे लिहिलेले असून त्यावरूनच तिचे नाव तेजस्विनी ठेवले गेले. माझे विचारणे असे की ‘राक्षसगण’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, माणसाचा स्वभाव राशीवरून पाहायचा की नक्षत्रावरून, आणि या दोन कागदांपैकी खरा कोणता?

कापूसवाला, वणी

ताई, यात अवघड काही नाही. नावाचे पहिले अक्षर म्हणजेच रास. ‘ते’ हे अक्षर तुळेचे आहे, तेव्हा मुलगी तुळेचीच आणि वृश्चिकेचा प्रश्नच मिटला. तुळेची माणसे समतोल असतात. राक्षसगणाचा अर्थ रागीटपणा असाच आमच्याकडे घेतात, पण तूळ रास असली की तो निवळतो.

पंचांग पाहणारे काका, कारंजा

कापूसवाले भाऊ, ‘ते’ हे अक्षर तुळेतल्या विशाखेच्या तिसऱ्या चरणाचे आहे हे आपले म्हणणे बरोबर आहे. विशाखेची अक्षरे ती, तू, ते, तो अशी असून त्यांतले शेवटचे ‘तो’ तेवढे वृश्चिकेत जाते. परंतु जोशीकाकांनी आधी गणित केले आणि मग अक्षर दिले, म्हणून त्या अक्षराचा उपयोग त्याच गणिताचा पुरावा म्हणून करता येणार नाही. त्या दिवशी जोशीकाकांना जन्माची कोणती वेळ सांगितली गेली होती याची साक्ष मात्र ते अक्षर देते, आणि ती साक्ष पुढे कामाला येईल.

आता ताईंच्या शब्दाकडे येतो. गण हा नक्षत्राला लावलेला आहे, राशीला नाही. सत्तावीस नक्षत्रांची नऊ-नऊ अशी देव, मनुष्य आणि राक्षस या तीन गणांत वाटणी केलेली आहे, आणि कृत्तिका, आश्लेषा, मघा, चित्रा, विशाखा, ज्येष्ठा, मूळ, धनिष्ठा व शततारका ही राक्षसगणात येतात. विशाखा तुळेत असो की वृश्चिकेत, तिचा गण तोच राहतो, तेव्हा रास तूळ ठरल्याने गण निवळण्याचा प्रश्न येत नाही. ही वाटणी मुख्यतः गुणमेलनासाठी वापरली जाते आणि तिथे छत्तीसांपैकी सहा गुण गणाचे असतात. व्यवहारात या गणाचा अर्थ आपल्या मताला धरून राहणारा, लवकर न नमणारा असा लावतात, दुष्ट असा नव्हे. मेलनाचे हे एक कूट उचलून त्यावरून मुलीच्या स्वभावाचा निकाल देणे मला मुळीच पटत नाही.

स्वभावासाठी जुन्या ग्रंथांत नक्षत्र आणि रास या दोहोंचे विचार वेगळे दिलेले आहेत. वराहमिहिराने बृहज्जातकात विशाखेच्या जातकाविषयी ईर्षा, लोभ, तेजस्वी कांती, बोलण्यातले चातुर्य आणि भांडणाची ओढ एवढे सांगितले आहे, आणि त्या वर्णनात गणाचा उल्लेखही नाही. माझी वाचण्याची रीत अशी की मनाला कशाचा ध्यास लागतो हे नक्षत्रावरून पाहावे, आणि तो ध्यास दुखावला गेला की मन काय करते हे चंद्राच्या राशीवरून पाहावे. विशाखेच्या माणसाला एखादे उद्दिष्ट धरले की ते सुटत नाही आणि दुसऱ्याला ते आधी मिळाले की सलते, हा भाग दोन्ही कागदांवर सारखाच आहे. तुळेत चंद्र शुक्राच्या घरी असतो, तेव्हा ही सल बोलून, समजूत घालून, चार माणसांचे मत घेऊन बाहेर पडते. वृश्चिकेत तो मंगळाच्या घरी आणि नीच राशीत असतो, तेव्हा तीच सल आत ठेवली जाते आणि कित्येक दिवसांनी भलत्याच निमित्ताने वर येते.

अनुराधाची आई, मूर्तिजापूर

माझ्या मुलाचीही वृश्चिक रास आहे, नक्षत्र अनुराधा. लहानपणापासून त्याची एकच खोड आहे. जेवायला जरा उशीर झाला की तो कोणाशी बोलत नाही, ताटावर बसला तरी मान वर करत नाही, आणि दोन घास पोटात गेले की आपणहून शेतातल्या गोष्टी सांगू लागतो. आता तो कामासाठी परप्रांतात असतो. त्याने मोती घालावा का, हे काकांनी कृपया सांगावे.

पंचांग पाहणारे काका, कारंजा

ताई, रत्नाचा विचार पूर्ण पत्रिका आणि लग्नरास पाहिल्याशिवाय करू नये, म्हणून तो इथे करत नाही. परंतु आपण सांगितलेली खोड या चर्चेला अगदी धरून आहे. त्याच बृहज्जातकात अनुराधेविषयी परदेशी राहणारा, फिरणारा आणि भूक न सोसणारा असे वर्णन आहे. रास वृश्चिक एकच असूनही विशाखा, अनुराधा आणि ज्येष्ठा यांचे मन तीन निरनिराळ्या कारणांनी बिघडते, आणि म्हणूनच ‘वृश्चिकेची आहे’ एवढ्यावर कोणाचा स्वभाव ठरवू नये.

शाळामास्तर, पुसद

भूक लागली की कोणते मूल चिडत नाही? अशी वर्णने कोणालाही थोडीफार लागू पडतात, आणि जुळलेली तेवढी आपण लक्षात ठेवतो. २००८ साली जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात ज्योतिषांना पत्रिका देऊन हुशार मुले कोणती आणि मतिमंद मुले कोणती हे ओळखायला सांगितले होते. उत्तरे निम्म्याच्या आसपासच बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीने आली असती तितकीच. एका मुलीचे स्थळ अशा आधारावर मोडावे याचे मला फार वाईट वाटते.

पंचांग पाहणारे काका, कारंजा

मास्तर, ती चाचणी बुद्धीची होती, चंद्रावरून भावनेच्या सवयी वाचण्याची नव्हती, हा फरक मी नोंदवून ठेवतो. पण जुळलेले तेवढे लक्षात राहते हा आपला आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच ‘ती राग आत ठेवते ना?’ असे मी घरच्यांना कधीच विचारत नाही, कारण त्यावर सगळे होच म्हणतात. मागच्या खेपेला ती रुसली तेव्हा काय घडले ते सांगा, एवढेच विचारतो. स्थळ मोडण्याविषयी आपले आणि माझे मत एकच आहे.

तेजूची मावशी, दारव्हा

काका, जन्म गावातल्याच घरी झाला होता. आईच्या म्हणण्याप्रमाणे कोंबडा आरवण्याच्या आधीचा, म्हणजे पहाटे ४ च्या सुमाराचा. संगणकवाल्याला माझ्या भावाने ५ ची वेळ सांगितली, कारण त्याला सकाळचे झाडलोटीचे आवाज आठवतात. त्या वर्षीचे जुने दाते पंचांग शेजारच्यांकडे मिळाले. त्यात त्या दिवशी चंद्र वृश्चिकेत पहाटे ४ वाजून ३८ मिनिटांनी गेल्याचे लिहिले आहे.

आपण विचारण्याची जी रीत सांगितली त्याप्रमाणे घरी विचारले. दिवाळीत धाकटीला तिच्याआधी शिलाई मशीन मिळाली, तेव्हा तेजू त्याच संध्याकाळी बापाशी तासभर वाद घालून मोकळी झाली आणि रात्री धाकटीच्याच मशीनवर तिने उशीची खोळ शिवली.

पंचांग पाहणारे काका, कारंजा

ताई, आपण फार चांगली माहिती आणली. चंद्र दिवसाला सुमारे १३ अंश चालतो, म्हणजे अर्धा अंश जायला साधारण एक तास लागतो. पहाटे ४ ला तो तुळेच्या शेवटच्या अर्ध्या अंशात होता आणि ५ ला वृश्चिकेच्या पहिल्या पाव अंशात. विशाखेचा तिसरा चरण तुळेच्या शेवटाशीच संपतो, म्हणून रास आणि चरण दोन्ही एकाच क्षणी बदलले. नक्षत्र, गण आणि जन्माची गुरूची महादशा यांना मात्र धक्का लागत नाही. चौथा चरण सुरू होताना गुरूच्या सोळा वर्षांपैकी चार उरतात, तेव्हा दोन्ही वेळांना शनीची दशा वयाच्या चौथ्या वर्षाच्या आसपासच लागते आणि दशेवरून निवाडा होत नाही.

चौथ्या चरणाविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ‘नीच चंद्र’ हे शब्द ऐकून लोक घाबरतात. तिथे चंद्र राशीने नीच असला तरी नवमांशात कर्केत, म्हणजे स्वतःच्याच घरी असतो. तिसऱ्या चरणात तो मिथुनेच्या नवमांशात असतो. मी चौथ्या चरणाच्या माणसाविषयी असे म्हणेन की तो वरून आवळून धरतो, पण घरच्या माणसांची माया त्याला सोडत नाही. तिसऱ्या चरणाचे मन बोलून मोकळे होते.

मशीनची हकीकत तिसऱ्या चरणाकडे झुकते, आणि जोशीकाकांनी दिलेले ‘ते’ अक्षरही ४ ची वेळ सांगितली गेल्याचेच दाखवते. तरीही एका हकीकतीवरून जन्मवेळ ठरवू नये. स्वभावावरून वेळ आणि वेळेवरून पुन्हा स्वभाव असे केले तर पत्रिकेने आपल्याला नवे काहीच सांगितले नाही असे होईल.

कापूसवाला, वणी

काका, अक्षराचे आता समजले. पण माझ्याकडे आजोबांची टिळक पंचांगे जपून ठेवलेली आहेत. ताईंनी तारीख कळवली होती म्हणून त्या वर्षीचे काढून पाहिले, तर त्या पहाटे ४ च्या आधीच अनुराधा लागलेली आहे. अनुराधा देवगणात येते ना?

पंचांग पाहणारे काका, कारंजा

येते. भाऊ, हा मुद्दा आपण अगदी योग्य वेळी काढला. दाते पंचांग चित्रा नक्षत्राला धरून अयनांश घेते आणि टिळक पंचांग रेवतीच्या ताऱ्याला धरून. या दोहोंत सुमारे ४ अंशांचे अंतर पडते. चंद्र तेवढा जायला सात-साडेसात तास घेतो, म्हणून तीच पहाट एका पंचांगात विशाखेची राक्षसगणी आणि दुसऱ्यात अनुराधेची देवगणी ठरते. मी चित्रापक्ष मानतो आणि सरकारच्या पंचांग सुधारणा समितीनेही १९५५ च्या अहवालात तोच धरला, पण रेवतीपक्षाची बाजू धरणारे विद्वान कमी नव्हते आणि हा वाद इथे मिटणारा नाही.

ताई, त्या घरी पुन्हा बोलणी निघाली तर मुलाची पत्रिका कोणत्या पंचांगावरून काढली आहे हे आधी विचारा. एकाची एका पक्षाने आणि दुसऱ्याची दुसऱ्या पक्षाने काढलेली पत्रिका घेऊन गण मिळवणे हे दोन्ही मतांनी चूकच आहे.

तेजूची मावशी, दारव्हा

विचारले. त्यांच्या घरी फक्त रास आणि नक्षत्र लिहिलेला हाताचा कागद आहे, पंचांगाचे नाव त्यावर नाही आणि तो लिहिणारे गुरुजी आता हयात नाहीत. मुलाची जन्मतारीख आणि वेळ मात्र त्यांनी द्यायचे कबूल केले आहे. ती आली की इथे कळवते.