सल्ला हवा: खालचा उपग्रह जास्त वेगाने का जातो, हे दहावीच्या मुलांना कसं दाखवावं?

वाईचे_मास्तर

नमस्कार मंडळी. मी दहावीला विज्ञान शिकवतो. क्रांतिक वेगाच्या सूत्रात उंची घालून वेग काढणं मुलांना छान जमतं. अडचण वेगळीच आहे. इस्रोच्या स्पेडेक्सचा विषय निघाला, दोन याने अंतराळात एकमेकांना कशी जोडली ते मी सांगत होतो. तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, मागच्या यानाला पुढचं गाठायचं असेल तर इंजिन चालवून वेग वाढवायचा ना?" मी म्हणालो, नाही, आधी वेग कमी करून खालच्या कक्षेत जायचं, कारण खाली वेग जास्त असतो. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे ब्रेक मारला की वेग वाढतो?"

प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. सूत्राने तिचं समाधान झालं नाही आणि व्हायलाही नको होतं. हे समजावण्यासाठी एखादं उदाहरण, प्रयोग किंवा संगणकावर करता येण्यासारखं काही सुचवाल का? शाळेत एक संगणक आणि प्रोजेक्टर आहे. इंटरनेट येऊन-जाऊन असतं.

रानवारा

सर, गोफण वापरा. दोरी आखूड धरली की दगड भराभर फिरतो, लांब सोडली की सावकाश. मुलांना लगेच पटतं. खाली गुरुत्वाकर्षण जास्त, त्याला तोंड द्यायचं तर वेगही जास्त हवा. वर ओढ कमी, म्हणून वेग कमी आणि फेरीला वेळ जास्त. एवढं पुरेसं आहे, उगाच किचकट करू नका.

कक्षाविहारी

रानवारा, ओढीबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण गोफण इथे दगा देते. गोफण तुम्ही जोरात फिरवा की हळू, दोरी तेवढा ताण घेते. त्याच लांबीवर कुठलाही वेग चालतो. उपग्रहाला ही मुभा नाही. ४७० किमी उंचीवर गुरुत्वाकर्षण ठरलेलं आहे, म्हणून तिथल्या वर्तुळाकार कक्षेचा वेगही ठरलेलाच.

मास्तर, मी काही वर्षं उपग्रहांच्या कक्षेचं गणित करण्याचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मुलांना आधी "पडणं" मोजायला लावा. स्पेडेक्सची याने साधारण ४७० किमीवर होती. तिथे गुरुत्वीय त्वरण सुमारे ८.५ मी/से² आहे, म्हणजे यान दर सेकंदाला सव्वाचार मीटर पडतं. त्याच सेकंदात ते ७.६३ किमी पुढे जातं, आणि तेवढ्या अंतरात त्याच्या कक्षेचं वर्तुळ सरळ रेषेपासून नेमकं सव्वाचार मीटर खाली वळलेलं असतं. म्हणून ते पडत राहतं, पण जमिनीच्या जवळ येत नाही. आता भूस्थिर उपग्रह घ्या, ३५,७८६ किमीवरचा. तो सेकंदाला फक्त ११ सेंटिमीटर पडतो. वर्तुळ मोठं, वळण सौम्य, पडणं त्याहून सौम्य. ३.०७ किमी पुढे जाणं त्याला पुरतं. त्याला ७.६३ चा वेग दिला तर तो त्या कक्षेत राहणारच नाही, पृथ्वी सोडून निघून जाईल.

हे दोन आकडे मुलांनी स्वतः काढले की सूत्र कुठून आलं ते त्यांना कळतं.

रानवारा

गोफणीचं मान्य. पण मग काळाचा हिशेब सोपाच झाला की. ७.६३ भागिले ३.०७ म्हणजे अडीच. भूस्थिर उपग्रह अडीचपट हळू, तर फेरीलाही अडीचपट वेळ. खालच्याला दीड तास लागतो, वरच्याला चार तास लागायला हवेत. चोवीस कसे?

अनुजा_के

कारण रस्ताही लांब आहे! पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर एकाचं अंतर ६,८४८ किमी आणि दुसऱ्याचं ४२,१६४ किमी. म्हणजे वाट सहापटीहून लांब. ६.१६ गुणिले २.४८ केलं की १५.३ येतं. ९४ मिनिटांची पंधरापट म्हणजे चोवीस तासांना चार मिनिटं कमी. केप्लरच्या नियमात काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात येतो तो असाच, अंतर दोनदा मोजलं जातं: एकदा वाटेच्या लांबीत, एकदा वेगाच्या मंदपणात.

अंतर केंद्रापासून घ्यायचं, जमिनीपासून नाही, हे मुलांना सांगा. शिकवणीत सगळ्यात जास्त चुका मी इथेच पाहते.

देवगडकर

चांगला धागा. माझी शंका जरा वेगळी आहे. आमच्या घरावर डिश आहे, ती एकाच ठिकाणी बघत असते म्हणजे तो उपग्रह भूस्थिर. त्याला वेग कमी लागतो म्हणता, तर मग त्याला सोडायला छोटं रॉकेट पुरायला हवं ना? प्रत्यक्षात इस्रो त्यासाठी मोठं रॉकेट वापरते. की मी प्रश्न चुकीचा समजतोय?

कक्षाविहारी

देवगडकर, मास्तरांचा प्रश्न हा नव्हता, पण उत्तर त्याच गाठीत आहे. समजा यान २५० किमीवर ७.७५ च्या वेगाने फिरतंय. वर पाठवायचं तर आधी पुढच्या दिशेने इंजिन चालवून वेग १०.२ किमी प्रतिसेकंद करतात. मग ते लांबट कक्षेत वर चढत जातं आणि चढता चढता मंदावतं. ३५,७८६ किमीच्या टोकाला पोचेपर्यंत वेग जेमतेम १.६ उरतो. तिथे पुन्हा पुढे ढकलून तो ३.०७ करतात. म्हणजे दोन्ही वेळा वेग वाढवला, एकूण जवळपास ३.९ किमी प्रतिसेकंद, आणि शेवटी यान सुरुवातीपेक्षा हळू. इंधन चढण चढण्यात खर्च झालं.

मास्तर, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न हाच, उलट दिशेने. आपण एकच किलोमीटर खाली उतरू. ४७० किमीवरच्या यानाने सेकंदाला २८ सेंटिमीटर इतका वेग कमी केला. यान कक्षेच्या दुसऱ्या बाजूपर्यंत जाईतो एक किलोमीटर खाली येतं आणि त्या पडण्यात त्याचा वेग १ मीटर ११ सेंटिमीटरने वाढतो. तिथे वर्तुळ पूर्ण करायला पुन्हा २८ सेंटिमीटर कमी करायचे. हिशेब बघा: दोन ब्रेक मिळून ५६ गेले, १११ मिळाले, हातात ५५ सेंटिमीटर जादा. तिला सांगा, ब्रेकने वेग वाढत नाही, पडण्याने वाढतो. ब्रेकने फक्त पडायला वाट मोकळी केली.

वाईचे_मास्तर

हे फार सुंदर आहे. पण सेकंदाला अर्धा मीटर जादा वेग म्हणजे काहीच नाही. एवढ्याने पुढचं यान गाठता येतं?

कक्षाविहारी

येतं, कारण वेगापेक्षा जवळच्या वाटेचा फायदा जास्त असतो. एक किमी खालचं यान दर फेरीला सुमारे ९.४ किमी पुढे सरकतं. त्यातले ६.३ किमी निव्वळ वर्तुळ लहान असल्यामुळे आणि फक्त ३.१ किमी जादा वेगामुळे. "खालचा वेगवान म्हणून पुढे जातो" हे म्हणूनच एक तृतीयांश खरं आहे.

आता उलट प्रयोग. दोन याने एकाच कक्षेत, मागच्याने थेट पुढच्याच्या रोखाने सेकंदाला फक्त एक सेंटिमीटर वेग वाढवला. मुलं म्हणतील, ९४ मिनिटांत ते ५६ मीटर जवळ जाईल. प्रत्यक्षात त्याची कक्षा सरासरीने जराशी उंचावते, फेरीला वेळ जास्त लागतो आणि एका फेरीनंतर ते जवळपास १७० मीटर मागे पडलेलं असतं. दिशा उलटी आणि अंतर तिप्पट. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ च्या जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याकडे असंच तोंड करून इंजिन चालवलं होतं. टप्पा काही हाती लागला नाही आणि बरंच इंधन गेलं.

रानवारा

पण स्पेडेक्समध्ये शेवटी १५ मीटर, ३ मीटर असं सरळच जवळ नेलं होतं. तेव्हा हा नियम कुठे गेला?

कक्षाविहारी

प्रश्न रास्त आहे. हा सगळा खेळ उघड व्हायला फेरीचा बराचसा भाग जावा लागतो. काही मिनिटांत संपणाऱ्या हालचालीत यान जवळपास सरळच जातं, आणि थोडं वर-खाली झालं तर छोटे थ्रस्टर ते सावरतात. म्हणून दुरून गाठायचं ते कक्षा बदलून, आणि शेवटचे काही मीटर सरळ. पण मधल्या टप्प्यात थांबून राहणं नाजूक असतं. दोन यानांच्या सरासरी उंचीत दहा मीटरचा फरक राहिला तरी एका फेरीत ९४ मीटर अंतर बदलतं. ९ जानेवारी २०२५ ला ठरलेली जोडणी इस्रोने पुढे ढकलली, कारण याने २२५ मीटरवर आणताना ती अपेक्षेपेक्षा जास्त सरकताना दिसली. जोडणी १६ तारखेला झाली.

अनुजा_के

मास्तर, वर्गात करण्यासारखं एक सुचवते, इंटरनेट एकदाच लागेल. अंतराळ स्थानकाच्या कक्षेची दोन ओळींची माहिती सेलेस्ट्रॅक या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. दुसऱ्या ओळीच्या शेवटी साडेपंधराच्या आसपासचा आकडा असतो, त्या म्हणजे दिवसाच्या फेऱ्या. दशांशचिन्हानंतरचे आठच अंक घ्या, कारण त्याला चिकटून जागा न सोडता फेरीचा क्रमांक छापलेला असतो. तो आकडा तक्त्यात A2 मध्ये टाका आणि शेजारी हे लिहा:

```
=(398600*(86400/A2/(2*PI()))^2)^(1/3)-6378
```

१५.५ टाकलं तर ४१७ किमी येतं. काळावरून उंची, दुर्बीण न लावता.

कक्षाविहारी

उत्तम. हेच रोज महिनाभर नोंदवा. हवेचा विरळ थर स्थानकाला अडवतो, ते खाली येतं, आणि फेऱ्यांचा आकडा हळूहळू वाढत जातो. मध्येच एखाद्या दिवशी तो झपकन कमी दिसला तर समजायचं, इंजिन चालवून स्थानक वर ढकललं. घर्षण होऊन वेग वाढतोय आणि ढकलून कमी होतोय, हे मुलांना प्रत्यक्ष आकड्यांत दिसेल.

रानवारा

मला अजूनही वाटतं की दहावीला आधी ऊर्जेचा हिशेब शिकवावा, मग कक्षा. स्थितिज ऊर्जा कमी झाली, त्यातली निम्मी वेगात गेली, निम्मी ब्रेकने काढून घेतली, एवढ्यात सगळं येतं.

अनुजा_के

गणित तुमचं पक्कं आहे. पण तिने "ब्रेक मारल्यावर काय होतं" असं विचारलंय. तिला आधी ते २८ आणि १११ सेंटिमीटर दाखवा, ऊर्जा नंतर येऊ दे.

वाईचे_मास्तर

दोन्ही करून बघतो. सोमवारी आधी पडण्याचे आकडे, मग एक सेंटिमीटरचा प्रश्न फळ्यावर लिहून सगळ्यांकडून अंदाज घेणार. तक्त्याची नोंद त्या मुलीकडेच देतोय. एक विचारायचं राहिलं: स्थानक आमच्या डोक्यावरून दिसलं की ९३ मिनिटांनी पुन्हा तिथेच बघायला सांगू का?

देवगडकर

तिथेच नाही दिसायचं. मी गच्चीवरून बघत असतो. तोपर्यंत पृथ्वी खालून पूर्वेला सरकलेली असते, त्यामुळे पुढची फेरी बरीच पश्चिमेकडून जाते. दिसलंच तर क्षितिजाजवळ खाली दिसतं. मुलांना पश्चिमेची बाजू मोकळी असेल अशा जागी उभं करा.