मदत हवी आहे: मिहानमध्येच बढती घेऊ की पुण्याची ऑफर?

नमस्कार मंडळी. नागपूरच्या मिहानमधल्या आयटी कंपनीत आहे, पहिलीच नोकरी. पगार वर्षाला 9 लाख, सगळा फिक्स्ड. एप्रिलमध्ये बढती आणि 12 टक्के वाढ, म्हणजे 10.08 लाख. मॅनेजर तोंडी सांगतात, पत्र नाही.

पुण्याहून 12 लाखांची ऑफर आहे. त्यातले 1.2 लाख व्हेरिएबल, म्हणजे हमखास 10.8. इथे मनीषनगरात घरीच राहतो. तिथे महिन्याला 18 हजार भाडं धरलं तर वर्षाचे 2.16 लाख गेले, उरले 8.64. आजच्यापेक्षाही कमी! पण पुढची कंपनी वाढ 12 वरच मोजेल ना? माझं घोडं इथेच अडलंय.

शिवाय पाच वर्षं पूर्ण व्हायला पाच महिने बाकी आहेत. 36 हजार बेसिकवर ग्रॅच्युइटी साधारण 1.04 लाख होते. नोटीस 90 दिवसांची, आणि तो काळ नोकरीतच धरतात. म्हणजे राजीनामा दोन महिने लांबवला तरी पुरेल.

नवीन कंपनीला जॉइनिंग पुढे ढकलायला सांगितलं तर ऑफर जाते का? आणि नागपुरात राहूनच बढत्या घेतलेल्यांचा पगार आठ-दहा वर्षांनी बदलणाऱ्यांच्या किती मागे राहिला? खरे आकडे सांगा बाप्पा.