उत्तर: वाफेच्या रकान्यात "पांढरी" लिहिलं तर

"पाण्याच्या अवस्थांच्या तक्त्यात मुलं 'वाफ – पांढरी, धुरासारखी' लिहितात, बरोबर द्यायचं का?"

निरीक्षण म्हणून बरोबर, पण ते वाफेचं नाही. पांढरं दिसतं ते थंड हवेत वाफेचे झालेले पाण्याचे बारीक थेंब, म्हणजे द्रवच. खरी वाफ दिसत नाही. चौथीला हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. मी तोटीची किटली घेते, अर्धीच भरते आणि पंखा बंद करते. पाणी खळखळायला लागलं की तोटीच्या तोंडाशी एखादा सेंटीमीटर जागा रिकामी दिसते, पांढरं त्याच्या पुढे सुरू होतं. त्या रिकाम्या जागेत चिमट्यात धरलेला स्टीलचा थंड चमचा नेला की लगेच ओला होतो. (हे शिक्षकानेच करायचं, मुलं हातभर लांब. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट.) चमचा तापला की थेंब धरत नाही, म्हणून दर वेळी गार करून पुसून घ्या.

तक्त्यात मी "वाफ" अशी एकच ओळ ठेवत नाही. बर्फ, पाणी, तोटीलगतची जागा, पांढरा ढग अशा चार ओळी, आणि रकाने तीनच: काय दिसलं, स्वतःचा आकार आहे का, चमचा ओला झाला का. तिसऱ्या ओळीत एका मुलीने "काही नाही, पण चमचा ओला" असं लिहिलं होतं. मी तिला पूर्ण गुण दिले. नंतर "पांढरा ढग वर जाऊन कुठे गेला?" विचारा. थेंब पुन्हा वाफ होऊन हवेत मिसळतात, म्हणून मे महिन्याच्या कोरड्या दुपारी ढग आखूड दिसतो.